पाळी गेल्यावर तोंड का जळतं, डोळे का खुपतात?



मी गोंदियात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करते. पाळी थांबलेल्या बायका माझ्याकडे येतात त्या अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, लघवीची जळजळ, कंबर, गुडघे यांसाठी. तपासून होतं, औषधाचा कागद हातात जातो, आणि उठता उठता एक वाक्य येतं, "मॅडम, तोंड लई जळते जी, तेच्यावर काही आहे का?" तोंडाची तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञाकडे करायची असते हे कुणाला माहीत नसतं. म्हणून ती शेवटी येते, तीही सहज विचारल्यासारखी.

त्याआधी ही बाई बरंच फिरलेली असते. हिरड्यांसाठी दातांच्या डॉक्टरांकडे, डोळ्यांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि तोंड जळतं म्हणून मेडिकलमधून "तोंड आल्याच्या" गोळ्या. प्रत्येकाने आपापला भाग पाहिलेला असतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, पाळी गेल्यानंतरच का सुरू झाल्या, हे मात्र विचारायचं राहून जातं.

आपल्या देशात पाळी साधारण ४६ ते ४७ व्या वर्षी थांबते. माझी ४९ व्या वर्षी थांबली. दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं की पोह्यांचा घास पाण्याशिवाय खाली उतरत नाही, आणि संध्याकाळी वाचायला बसलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. म्हणून आज जे लिहिते आहे ते पुस्तकातलं आहे, पेशंटकडून शिकलेलं आहे आणि थोडं माझं स्वतःचंही आहे.

इस्ट्रोजेनचा तोंडाशी काय संबंध?

इस्ट्रोजेन म्हटलं की आपल्याला गर्भाशय आठवतं. पण शरीरातल्या ज्या ज्या जागा ओल्या राहाव्या लागतात, तिथल्या पेशींनाही या हार्मोनचा निरोप पोचत असतो. योनीमार्गाचं अस्तर आणि तोंडाच्या आतलं अस्तर हे बरंचसं एकाच जातीचं आहे. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो हे आता बऱ्याच जणींना ठाऊक आहे. तोंडाचं अस्तर, हिरड्या आणि लाळेच्या ग्रंथी यांतही इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जागा आहेत. हार्मोन कमी झाला की हे अस्तर पातळ होतं, हिरड्यांची सूज लवकर उतरत नाही, आणि काहींमध्ये लाळ कमी होते.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास भिजवते, दातांवरचं आम्ल धुऊन काढते, दाताच्या वरच्या थराला झीज भरून काढायला कॅल्शियम पुरवते आणि बुरशीला आटोक्यात ठेवते. ती कमी झाली की आधी घास अडकतो, मग तोंडाला वास येतो, आणि वर्षभरात दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला किडीचे काळे ठिपके दिसायला लागतात.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं पाळी गेल्यामुळेच! इथेच थांबा. पाळी गेल्यावर लाळ कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही. आणि पन्नाशीच्या बाईच्या शरीरात त्याच सुमारास आणखी बऱ्याच गोष्टी सुरू झालेल्या असतात. त्या एकेक करून बाजूला काढल्या की उरतो तो इस्ट्रोजेनचा वाटा. हे कसं करतात ते एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंटच्या गोष्टी एकत्र करून सांगते आहे.

एका काकूंची गोष्ट

वय ५३. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव, घरची धानाची शेती, रोवणी आणि कापणी दोन्हीला स्वतः शेतात. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. गेल्या वर्षभरापासून जीभ जळते, जिभेचं टोक आणि दोन्ही कडा, मिरची चावल्यासारखी. तोंड कोरडं. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या, तीन वेळा उठून घोट घ्यावा लागतो. दात घासताना हिरड्यांतून रक्त. आणि वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी त्यांना औषधं आणायला सांगितली. नुसती नावं सांगून भागत नाही, म्हणून मी नेहमी सांगते की घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून आणा. पिशवीतून निघालं ते असं. बीपीची गोळी. पाय आखडतात आणि झोप येत नाही म्हणून दीड वर्षापूर्वी कुणीतरी सुरू केलेली अमिट्रिप्टिलीनची रात्रीची गोळी, जी नंतर कुणी बंदच केली नव्हती. अंगाला खाज येते म्हणून मेडिकलमधून घेतलेली सिट्रिझिन, जवळजवळ रोज.

शेवटच्या दोन्ही गोळ्या तोंड कोरडं करतात, त्यातली अमिट्रिप्टिलीन तर फारच. लाळेच्या ग्रंथींना "लाळ सोडा" असं सांगणारा मज्जातंतूचा निरोप ती अडवते. तुमचं तोंड कोरडं पडत असेल तर पाळी कधी गेली हे आठवण्याच्या बरोबरीने आणखी एक आठवा, कोरडेपणा सुरू झाला त्याच्या महिना-दोन महिने आधी कुठली नवी गोळी सुरू झाली होती का? झोपेच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या, सर्दीच्या आणि वारंवार लघवी थांबवणाऱ्या गोळ्या यात जास्त सापडतात. मात्र स्वतःहून कुठलीही गोळी एकदम बंद करू नका. ते ज्यांनी दिली त्यांना विचारूनच.

मग आम्ही लाळ मोजली. याला मोठं यंत्र लागत नाही. सकाळी, किमान एक तास काही खाल्लेलं-प्यालेलं नसताना, बाईला खुर्चीत शांत बसवायचं. एकदा तोंडातली लाळ गिळून टाकायची आणि मग पंधरा मिनिटं काही न चघळता, न बोलता, तोंडात जमेल ती लाळ एका कपात सोडत राहायची. नंतर सिरिंजमध्ये ओढून मोजायची. निरोगी माणसाची पंधरा मिनिटांत साधारण साडेचार ते सहा मिलिलिटर भरते. दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली तर ग्रंथी खरोखरच काम करत नाहीत असं समजतात. काकूंची भरली दोन मिलिलिटर. म्हणजे कमी, पण ग्रंथी संपलेल्या नाहीत.

रक्त तपासलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन किंचित कमी. व्हिटॅमिन बी१२ मात्र १४८ आलं. आपल्या प्रयोगशाळांच्या कागदावर हे २०० च्या आसपास असलं तरीही आम्ही शंका घेतो, इथे ते स्पष्टच कमी होतं. काकू माळकरी, वर्षानुवर्षं अंडी-मांस नाही, दूध चहापुरतं. बी१२ कमी असलं की जिभेवरचे बारीक काटे झडतात, जीभ चोपडी होते आणि जळते. काकूंच्या जिभेच्या कडा तशाच दिसत होत्या.

बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली. अमिट्रिप्टिलीन त्यांच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करत बंद केली. खाज कोरड्या त्वचेची निघाली, तिला आंघोळीनंतर खोबरेल तेल पुरेसं झालं. सहा आठवड्यांनी पुन्हा लाळ मोजली, साडेचार मिलिलिटर. रात्रीचं उठणं तीनवरून एकावर आलं. जळजळ दहापैकी सात होती, ती चारवर आली.

ही उरलेली चार कुठली? तिच्याबद्दल आता बोलू.

एकच प्रश्न: जेवताना वाढते की जेवताना थांबते?

तोंड जळतं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला मी हा प्रश्न विचारते, आणि तुम्हीही स्वतःला विचारा. बऱ्याच जणी पहिल्यांदा "जेवताना वाढते" म्हणतात, कारण तिखट लागलं की त्रास होणारच. म्हणून मी विचारते, साधा वरणभात खाताना काय होतं?

पाळी गेल्यानंतरची जी खास जळजळ असते, तिची चाल ठरलेली असते. सकाळी उठल्यावर जवळजवळ नसते. दुपारपासून चढते, संध्याकाळी सर्वांत जास्त. जेवताना किंवा काही चघळताना ती कमी होते किंवा थांबते, आणि जेवण झालं की परत येते. झोपेतून मात्र ती सहसा उठवत नाही. तोंडात पाहिलं तर काहीच दिसत नाही, जीभ गुलाबी, अस्तर नेहमीसारखं. म्हणून घरचे म्हणतात, "तुला काही झालेलं नाही, उगाच मनाचं आहे." मनाचं नाही. अशा बायकांच्या जिभेचा बारीक तुकडा तपासला तेव्हा तिथले वेदना नेणारे अगदी बारीक मज्जातंतू विरळ झालेले आढळले आहेत. चव आणि वेदना यांच्या तारा एकमेकींना आवर घालत असतात. इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीने मज्जातंतूंना सांभाळणारी इतर द्रव्यं कमी झाली की हा आवर सुटतो, आणि काही न लागताही जिभेला जळाल्याचा भास होतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त, आणि तोही पाळी थांबण्याच्या थोडं आधीपासून पुढच्या दहा-बारा वर्षांत दिसतो.

आता दुसरी बाजू. साध्या वरणभातानेही जळजळ वाढत असेल, मिठाचा कण लागला तरी झोंबत असेल, तर कारण बहुतेक वेळा अस्तरातच असतं आणि तोंड उघडून पाहिलं तर ते दिसतं. पुसता येणारे पांढरे थर म्हणजे बुरशी, जी कोरड्या तोंडात, कवळी लावणाऱ्यांत आणि साखर वाढलेल्यांत होते. गालाच्या आत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा म्हणजे लायकेन प्लॅनस. आणि आपल्या जिल्ह्यात ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ते म्हणजे खर्रा.

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पुरुषच खातात असं नाही. रोवणीच्या बांधावर, तेंदूपत्त्याच्या हंगामात, बिड्या वळताना कितीतरी बायका खातात. छत्तीसगडच्या सीमेकडच्या गावांत गुडाखू दातांवर घासतात. दवाखान्यात विचारलं की लाजून नाही म्हणतात, म्हणून मी "दिवसातून किती वेळा?" असंच विचारते. सुपारीने गालाच्या आतलं मऊ अस्तर दोरीसारखं घट्ट होत जातं. सुरुवातीला फक्त तिखट झोंबतं, आणि बाई म्हणते पाळी गेल्यापासून होतंय. पुढे तोंड उघडणं कमी होतं. त्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो.

हे घरी तपासता येतं. आरशासमोर उभ्या राहा. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील, किंवा गालाच्या आत बोट फिरवल्यावर कडक पट्टे लागत असतील, तर हे पाळीचं दुखणं नाही. खर्रा त्या दिवसापासून बंद, आणि दातांच्या डॉक्टरांकडे त्या आठवड्यात. सोडल्यावर ते पट्टे विरघळत नाहीत, पण आजार पुढे सरकणं थांबवता येतं.

काकूंनी खर्रा कधी खाल्ला नव्हता. तीन बोटं सहज गेली. जिभेचे काटे बी१२ ने परत आले. तरीही संध्याकाळी जळायचं, आणि जेवायला बसलं की थांबायचं. उरलेली चार ती हीच, पाळीनंतरची खरी जळजळ. तिच्यासाठी क्लोनाझेपामची गोळी जिभेवर धरून तीन मिनिटांनी थुंकून टाकायची, असा एक उपाय आहे. ती गिळायची नाही, कारण काम जिभेवरच करायचं असतं. ही झोपेच्या गोळ्यांच्या घरातली आहे, सवय लागू शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नका. काकूंना ती तीन महिने दिली. जळजळ चारवरून दोनवर आली. शून्यावर आली नाही, आणि येईल असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं. काहींची जळजळ काही वर्षांत आपोआप उतरते, काहींची राहते. त्यांना सर्वांत मोठा आराम मिळाला तो "हा कॅन्सर नाही" हे तपासून सांगितल्यावर. त्या वर्षभर त्याच भीतीत होत्या, आणि घरात कुणाला बोलल्या नव्हत्या.

हिरड्या: दोष हार्मोनचा किती, दातांवरच्या थराचा किती?

हिरडीतून रक्त येण्याचं मूळ कारण पन्नाशीतही तेच असतं जे विशीत असतं, दात आणि हिरडी यांच्या कडेला साचलेला जंतूंचा चिकट थर. फरक असा की इस्ट्रोजेन असताना शरीर त्या जंतूंशी जरा बेतानं भांडतं. ते कमी झाल्यावर त्याच थराला शरीर जास्त सूज आणून उत्तर देतं, आणि त्या भांडणात दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजतं. पाळीनंतर मणक्याचं आणि खुब्याचं हाड विरळ होतं तसंच जबड्याचंही होतं. म्हणून ज्या बाईला आधी फक्त रक्त यायचं, तिचे दात पाळीनंतर हलायला लागतात.

दातांचे डॉक्टर एक बारीक खुणा केलेली सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चार किंवा जास्त म्हणजे खाली हाड सुटायला लागलं आहे. काकूंच्या मागच्या दोन दाढांजवळ ती पाच भरली. इथे हार्मोनची गोळी काही करत नाही, तो थर हिरडीखालून खरवडून काढावाच लागतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं असतं. बीपीसाठी ॲम्लोडिपीन घेणाऱ्यांत कधी कधी हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसं दिसलं तर तेही बीपीच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी बदलता येते.

घरी करायचं ते एवढंच. फ्लोराइड असलेल्या पेस्टने मऊ ब्रशने दोनदा दात घासा, रात्रीचं चुकवू नका, आणि घासल्यावर खूप चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. पेस्टने जळजळ वाढत असेल तर कमी फेस होणारी पेस्ट घ्या. राखुंडी आणि गुडाखू बंद. दारू असलेला माउथवॉश नको, तो आणखी कोरडं करतो. तोंड कोरडं पडतं म्हणून दिवसभर गोळी-चॉकलेट किंवा आवळा सुपारी चघळत राहणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. लाळ कमी असलेल्या तोंडात साखर आणि आंबट दोन्ही दातांना चिकटून राहतात. चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं च्युइंगगम, आणि जवळ पाण्याची बाटली, घोट घोट.

डोळ्यांतून पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे?

काकूंचाच हा प्रश्न. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ पडदा असतो. आत चिकट थर, मध्ये पाणी, आणि सर्वांत वर तेलाचा अगदी पातळ थर, जो पाणी उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. तेल कमी पडलं किंवा घट्ट झालं की पाणी लवकर उडतं, डोळा कोरडा पडून चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्याने मेंदू घाबरून एकदम पाणी सोडतो. ते पाणी गालावर वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणून कोरड्या डोळ्यांतूनच जास्त पाणी येतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन तपासण्या केल्या. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून किती ओली होते ते पाहिलं. दहा मिलिमीटरच्या वर चांगलं, पाच किंवा कमी म्हणजे पाणीच तयार होत नाही. काकूंची बारा आली. मग पिवळा रंग घालून, पापणी न लववता पडदा किती सेकंदांत फाटतो ते मोजलं. दहाच्या वर हवा, त्यांचा चारमध्ये फाटला. म्हणजे पाणी आहे, तेल नाही.

आता इथे एक गोष्ट सरळ समजुतीच्या उलट आहे. डोळ्यांच्या तेलग्रंथी इस्ट्रोजेनपेक्षा जास्त चालतात त्या अँड्रोजेनवर, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो त्यांवर. ते बायकांतही असतात आणि वयाबरोबर घटतात. अमेरिकेत पाळी थांबलेल्या पंचवीस हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत, जी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत कोरड्या डोळ्यांचं प्रमाण काहीच न घेणाऱ्यांपेक्षा ६९ टक्क्यांनी जास्त आढळलं. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत २९ टक्क्यांनी जास्त. तेव्हा "इस्ट्रोजेन कमी झालं, ते भरलं की डोळे ओले होतील" हे गणित डोळ्यांत जुळत नाही.

डोळ्यांना जुळतो तो शेक. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट-गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. ते एक-दोन मिनिटांत गार होतं, म्हणून पुन्हा बुडवा, असं एकूण पाच ते दहा मिनिटं. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने, बोटाने हलकेच चोळा. दिवसातून दोनदा, निदान महिनाभर. चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून बऱ्याच जणी इथेच सोडतात. सोबत कृत्रिम अश्रूंचे थेंब. मेडिकलमधून "लाली जायचे" म्हणून मिळणारे थेंब मात्र घेऊ नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

चुलीचा धूर, राइस मिलमधला कोंडा, मे महिन्यातली गरम हवा आणि गाडीवरचा वारा हे चारही पडदा फाडतात. गाडीवर साधा चष्मा लावला तरी फरक पडतो. माझ्या स्वतःच्या डोळ्यांना सर्वांत जास्त फरक पडला तो वाचताना दर थोड्या वेळाने पापण्या पूर्ण मिटायची सवय लावून. वाचताना आणि मोबाइल पाहताना आपण पापण्या लवायचंच विसरतो.

मग हार्मोनची गोळी घ्यावी का?

रात्रभर घामाने भिजवणाऱ्या गरम वाफा असतील तर हार्मोनचा उपचार चांगला लागू पडतो. योनीमार्गाच्या कोरडेपणाला तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम उत्तम. गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी एकटी देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर सहसा देतच नाहीत. फक्त तोंड जळतं किंवा डोळे कोरडे पडतात एवढ्यासाठी मी हार्मोन सुरू करत नाही, कारण तिथे फायदा होईलच याची खात्री नाही आणि डोळ्यांना उलटही जाऊ शकतं. गरम वाफांसाठी घेताना कुणाचं तोंड सुधारलं तर तो जोडीचा फायदा.

आणि एक आजार असा आहे जो पाळीच्या नावाखाली लपतो, शोग्रेन सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. दहातल्या नऊ पेशंट बायका, आणि वयही साधारण हेच. तीन महिन्यांहून जास्त रोज तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे, भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळताच येत नाही, कानाखालच्या गाठी सुजतात, सांधे दुखतात, लाळ दीड मिलिलिटरच्या खाली आणि डोळ्यातली पट्टी पाचच्या खाली, असं चित्र असेल तर रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. काकूंची लाळ वाढली आणि पट्टी बारा आली, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.

तुम्हाला यातलं काही होत असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर तीनच गोष्टी लिहा. सकाळी, जेवताना आणि संध्याकाळी जळजळ दहापैकी किती. रात्री पाण्यासाठी किती वेळा उठलात. आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून स्वतःहून घेतलेल्यासुद्धा. तोंडात दोन आठवड्यांहून जास्त न भरणारी जखम, न पुसता येणारा पांढरा किंवा लाल डाग, किंवा तीन बोटं न जाणं यातलं काही असेल तर मात्र कागद लिहीत बसू नका, आधी तोंड दाखवा.